दोनदा पैसे कापले जाणं शेवटच्या नंबरावर कसं? अ‍ॅपच्या तपासणीतलं गुणांचं कोडं

मृणाल_फोंडा

मंडळी, आम्ही तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांत मासळी घरपोच देणारं एक छोटं अ‍ॅप चालवतो. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्यामुळे सध्या ऑर्डरी कमी आहेत. तेवढ्यात अ‍ॅपचं ह्युरिस्टिक परीक्षण, म्हणजे ठरलेल्या तत्त्वांवर घासून वापरातल्या अडचणी शोधणं, उरकून घेतलं. चौघे होतो: मी, आमची डिझायनर, डेव्हलपर आणि एक बाहेरचा मित्र. नील्सनची दहा तत्त्वं समोर ठेवून प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता अ‍ॅप तपासलं, मग याद्या एकत्र केल्या. बरंच काही निघालं, पण वाद पाचांवर अडलाय.

पहिली अडचण कापणीची. ग्राहकाने इसवणाला ‘तुकडे करून’ निवडलं आणि नंतर वजन अर्ध्याचं एक किलो केलं, की निवड गुपचूप ‘अख्खा’वर परत जाते. दुसरी, यूपीआयने पैसे देऊन परत आलं की कधी कधी सरळ भरलेली टोपली दिसते, पैसे मिळाले की नाही ते कळत नाही, माणूस पुन्हा पैसे देतो. तिसरी, पत्ता देताना नकाशावर टाचणी रोवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि आपल्याकडे वाड्यातलं घर नकाशावर शोधायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चौथी, दर फिकट राखाडी अक्षरांत आहेत, उन्हात दिसत नाहीत. पाचवी, अ‍ॅप उघडताना एक मासा तीन सेकंद पोहत जातो. मालकांचा लाडका आहे तो.

गांभीर्याला आम्ही ० ते ४ गुण दिले, ० म्हणजे अडचणच नाही आणि ४ म्हणजे अनर्थ. चौघांची सरासरी अशी: कापणी २.७५, यूपीआय ३.७५, टाचणी २.७५, फिकट दर २, मासा १. मग ‘किती जणांना भेटते’ याला १ ते ४: दहा टक्क्यांपर्यंत १, पन्नासपर्यंत २, नव्वदच्या आत ३, त्यापुढे ४. कापणीला २, यूपीआयला १, टाचणीला ४, दरांना ३, माशाला ४.

गुणाकार केला. टाचणी ११, दर ६, कापणी ५.५, मासा ४, यूपीआय ३.७५. म्हणजे लोकांचे पैसे दोनदा जाणं हे पोहणाऱ्या माशाच्याही खाली! बेरीज करून बघितली तरी यूपीआयला ४.७५ आणि माशाला ५. हे पटत नाही, पण चुकतंय कुठे तेही सांगता येत नाही.

इवलीशी_ईशा

रुमाल टाकून ठेवते. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला हेच करायचंय.

कुडचड्याचा_कोडर

गुणाकार बरोबरच आहे. मी वेर्ण्याला कारखान्यात होतो तेव्हा यंत्रांच्या बिघाडांना असेच गुण द्यायचो: परिणाम किती, घडतं कितीदा, पकडता येतं का, तिन्हींचा गुणाकार. तुमच्याकडे गांभीर्याला वजन कमी पडतंय एवढंच. गांभीर्याचा वर्ग करा आणि मग गुणा. यूपीआय १४ च्या वर जातो, मासा ४ वरच राहतो. प्रश्न मिटला.

डिचोलीकर_काका

मृणालबाय, तुमच्या अ‍ॅपचं ठाऊक नाही, पण आमच्याकडे एकदा असंच मागवलेली मुडदोशी साफ न करता आली. बायको म्हणाली, आता तुम्हीच बसा विळी घेऊन. तेव्हापासून मी अ‍ॅपवरून फक्त दर बघतो आणि ऑर्डर त्यांच्या पोराला फोन करून सांगतो. फोनवर माणूस ‘कापून पाठव’ ऐकतो, अ‍ॅप ऐकत नाही. तक्रारी गोळा करत असाल तर ही माझी लिहून घ्या.

मृणाल_फोंडा

काका, तक्रारी गोळा करत नव्हते, पण लिहून घेतली. :)

कोडर, वर्ग केला. यूपीआय १४.०६, पण कापणी १५.१ आणि टाचणी ३०.२५. यूपीआय तिसरा. आता घन करून बघू का?

बेतीकर

घन नको. मनातला क्रम येईपर्यंत सूत्र बदलत राहायचं असेल तर सूत्र हवं कशाला, क्रमच लिहून टाका. हे आकडे पायऱ्यांचे नंबर आहेत. गांभीर्य ४ हे गांभीर्य १ च्या चौपट नसतं, फक्त वरच्या पायरीवर असतं. अशा नंबरांचा गुणाकार केला की ‘क्वचित होणारा अनर्थ’ आणि ‘सतत दिसणारी किरकोळ गोष्ट’ एकाच आकड्यावर येऊन बसतात, कारण ४ × १ आणि १ × ४ सारखेच. कोडर ज्या पद्धतीबद्दल सांगतायत तिथेही हाच घोळ होत असे. मोटार उद्योगाच्या २०१९ च्या पुस्तिकेने तो गुणाकार काढून त्याजागी तक्ता आणला.

पण तुमच्या बाबतीत गुणाकाराच्या आधीच काहीतरी बिघडलंय असा संशय आहे. दोन गोष्टी सांगा. चौघांना गांभीर्याचे गुण मागताना नेमकं काय विचारलं होतं? आणि वारंवारतेची टक्केवारी कशाची: ग्राहकांची, ऑर्डरींची, की अ‍ॅप उघडण्याची? सरासरीच्या आधीचे सुटे गुणही द्या.

मृणाल_फोंडा

विचारलं एवढंच, की ‘ही अडचण किती गंभीर आहे?’ टक्केवारी... प्रामाणिकपणे सांगायचं तर मनात जे आलं ते. माशासाठी अ‍ॅप उघडणं धरलं, टाचणीसाठी ग्राहक, यूपीआयसाठी ऑर्डरी.

सुटे गुण (मी, डिझायनर, डेव्हलपर, मित्र):
कापणी २, २, ४, ३
यूपीआय ४, ४, ४, ३
टाचणी ३, ३, १, ४
दर २, २, १, ३
मासा १, १, २, ०

बेतीकर

टाचणीची ओळ बघा. एकाने १ दिला, एकाने ४. सरासरी २.७५ काढल्यावर असं वाटतं की चौघांना ती मध्यमच गंभीर वाटली, पण तसं वाटणारे दोघेच आहेत. डेव्हलपरना विचारा १ का दिला. माझी पैज, ते म्हणतील ‘पत्ता एकदाच तर द्यायचा असतो’. म्हणजे त्यांनी वारंवारता आधीच गांभीर्यात वजा केली, आणि तुम्ही ती पुन्हा गुणलीत.

नील्सनच्या मांडणीत गांभीर्य हा आकडा मुळातच तीन गोष्टी मिळून होतो: किती जणांना भेटते, भेटली की किती अडवते, आणि एकदा कळल्यावर माणूस तिला वळसा घालायला शिकतो की ती दर वेळी छळते. असं एकत्र गांभीर्य मागितलं असेल तर वारंवारतेचा वेगळा रकाना लावायचा नाही, नाहीतर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. वेगळा रकाना हवाच असेल तर पहिल्या रकान्यात फक्त परिणाम विचारायचा: ‘समजा ही अडचण आलीच, तर या माणसाचं काय बिघडेल?’ तुमच्या चौघांपैकी कोणी पहिला प्रश्न ऐकला, कोणी दुसरा.

मृणाल_फोंडा

डेव्हलपरला आत्ताच विचारलं. शब्दशः तेच म्हणाला, ‘एकदाच तर द्यायचाय.’ मित्राने ४ का दिला तर त्याला स्वतःचं घर नकाशावर सापडलंच नाही, तो रिबंदरच्या एका आतल्या वाड्यात राहतो. तो पुढे जाऊच शकला नव्हता.

इवलीशी_ईशा

एक शंका. चौघांत एवढा गोंधळ होत असेल तर सरळ पाच ग्राहकांना बसवून गुण द्यायला का सांगू नये? पाच माणसं पुरतात असं आम्हाला शिकवलंय.

बेतीकर

ईशा, दोन वेगळे पाच एकत्र झालेत. ग्राहकांना अ‍ॅप वापरायला देऊन आपण बघत बसायचं, ती चाचणी. पाचचा आकडा तुला तिथला शिकवला असणार. हे परीक्षण जाणकारांनी करायचं असतं आणि त्यालाही तीन ते पाच जण सुचवतात, पण कारण वेगळं. नील्सनने सहा प्रकल्पांचे आकडे तपासले तेव्हा एकटा परीक्षक सरासरीने ३५ टक्क्यांच्या आसपासच अडचणी पकडत होता, आणि प्रत्येकाच्या हाती वेगळ्या लागत होत्या. म्हणून माणसं वाढवायची. गांभीर्याचंही तसंच, एकाचे गुण भरवशाचे नसतात. सगळ्यांच्या अडचणींची एकच यादी करून ती प्रत्येकाकडे परत पाठवायची आणि मग गुण मागायचे. ग्राहकाकडून गुण मागू नयेत. तो काय करतो ते बघावं.

आणि किती जणांना भेटते हे परीक्षकाला खुर्चीत बसून कळत नाही. तो अंदाज असतो. तुमच्याकडे चालू अ‍ॅप आहे, नोंदी आहेत, तिथून काढा. यूपीआयपासून सुरुवात करा: एकाच ग्राहकाने दहा मिनिटांच्या आत सारखीच रक्कम दोनदा भरली, असं किती ऑर्डरींत झालंय?

मृणाल_फोंडा

काढलं. मेपर्यंतच्या नोंदी घेतल्या, बंदीच्या महिन्यांत खाडीची मासळी आणि सुकं जास्त जातं, ते धरलं नाही. यूपीआयच्या ऑर्डरींत साधारण चाळिसात एक. म्हणजे अडीच टक्के. वारंवारता १ च झाली ना शेवटी?

बेतीकर

ऑर्डरीमागे अडीच टक्के. आता माणसामागे बघू. तुमचं नेहमीचं कुटुंब वर्षाला किती ऑर्डरी करतं? आठवड्याला एक धरा, बंदी आणि श्रावण वगळा, चाळीसेक होतील. प्रत्येक वेळी न फसण्याची शक्यता ३९/४०. चाळीसच्या चाळीस वेळा न फसण्याची त्याचा चाळिसावा घात, म्हणजे ०.३६. म्हणजे वर्षभरात एकदा तरी दोनदा पैसे जाण्याची शक्यता ६४ टक्के. तुमच्याच मोजपट्टीवर ही अडचण १ वरून ३ वर गेली, अ‍ॅपमध्ये एक ओळही न बदलता. टाचणीचं उलट आहे. ग्राहकांमागे मोजली तर शंभर टक्के, ऑर्डरींमागे मोजली तर चाळिसात एक. म्हणजे यूपीआयइतकीच! तुमच्या तक्त्यात टाचणीला ४ आणि यूपीआयला १ मिळाला तो भाजक वेगळा घेतल्यामुळे.

कुडचड्याचा_कोडर

थांबा बेतीकर, आता मी पकडतो. हा घात तेव्हाच चालतो जेव्हा ही अडचण सगळ्यांवर सारखी, लॉटरीसारखी पडते. तसं नसतं. रेंज नसलेल्या गावातल्या माणसाला ती पुन्हा पुन्हा येणार, पणजीतल्याला कधीच नाही. तुमचे ६४ टक्के फुगलेत.

बेतीकर

बरोबर आहे, आणि मुद्दा महत्त्वाचा आहे. एकसारखी वाटली गेली तरच ६४. साचून असेल तर माणसं कमी, पण त्यांच्यावर मार जास्त. फक्त कारण रेंज आहे याची खात्री नाही. ‘भरलेली टोपली परत दिसते’ हे वर्णन वाचून मला वेगळा संशय येतोय. यूपीआयचं अ‍ॅप वर आलं की कमी मेमरीच्या फोनवर अँड्रॉइड मागचं अ‍ॅप बंद करून टाकतं. परत आल्यावर तुमचं अ‍ॅप नव्याने उघडतं, टोपली साठवलेली असते म्हणून ती दिसते, पण ‘पैसे द्यायला गेला होता’ ही आठवण पुसलेली असते. तपासणं सोपं आहे. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Don't keep activities चालू करा, चांगल्या वायफायवर बसा आणि एक ऑर्डर करून बघा. तो पर्याय फक्त स्क्रीन मोडतो, अख्खं अ‍ॅप मारत नाही, पण आठवण कुठे साठवलीय की नाही ते उघडं पाडतो.

डिचोलीकर_काका

माझा फोन जुना आहे. गॅस बुक करताना असंच होतं, पैसे भरून आलो की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं माझंच बोट कुठेतरी लागतं.

मृणाल_फोंडा

काका, तुमचं बोट निर्दोष आहे. बेतीकर, करून बघितलं. ऑफिसच्या वायफायवर, पर्याय चालू असताना दर वेळी टोपलीच. बंद केला की सगळं ठीक. डेव्हलपरचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानेच चौघांत सगळ्यात नवा फोन घेऊन परीक्षण केलं होतं.

मग नोंदींत फोनचं मॉडेल जोडून बघितलं. दोनदा भरणाऱ्यांत बहुतेक २-३ जीबीवाले फोन. आणि त्यांतले बरेच जण पुढच्या ऑर्डरीपासून ‘पैसे घरी’ निवडायला लागलेत. काही परत आलेलेच नाहीत.

बेतीकर

म्हणजे चाळिसात एक हा आकडाही कमी दाखवतोय. ज्यांना सतत होणार होतं ते एकदा पोळले आणि यूपीआयच्या ऑर्डरींतून निघून गेले. उरलेल्यांत मोजलं तर अडचण दुर्मिळच दिसणार. काकांच्या मुडदोशीचंही तेच. ते फोन करतात, त्यामुळे कापणीची अडचण तुमच्या नोंदींत आता त्यांना ‘भेटत’ नाही. म्हणून गुणपत्रिकेत वारंवारतेच्या एकाच आकड्याऐवजी दोन गोष्टी लिहा: कोणाला भेटते, आणि त्यांना कितीदा. यूपीआय: कमी मेमरीचे फोन, जवळपास दर वेळी. टाचणी: प्रत्येक नवा माणूस, एकदा. कापणी: वजन नंतर बदलणारा कुणीही, बदलेल तेव्हा. मासा: सगळे, नेहमी.

इवलीशी_ईशा

मग शेवटी क्रम लावायचा कसा? गुणाकार नाही, बेरीज नाही.

बेतीकर

तक्ता. उभा परिणाम, आडवी वारंवारता, अडचणींच्या चिठ्ठ्या चौकोनांत लावायच्या आणि गुणाकाराऐवजी नियम ठरवायचा. मी वापरतो तो असा: पैसे किंवा दिलेली ऑर्डर बिघडत असेल तर परिणाम ४, आणि परिणाम ४ असेल तर वारंवारता न बघता आधी दुरुस्ती. त्याखाली मात्र वारंवारतेने क्रम लागतो. कापणीलाही मी ४ देईन. स्क्रीनवर बघितलं तर फालतू वाटते, एका टिचकीत परत निवडता येतं. पण ती दिसतच नाही, कळतं ते दारात पिशवी उघडल्यावर. न दिसणाऱ्या अडचणीला वळसा घालायला माणूस शिकत नाही. मृणालताई, तुम्ही आणि डिझायनरने २ दिला तो बहुधा स्क्रीनपुरतं बघून.

मृणाल_फोंडा

हो, डेव्हलपरने ४ दिला कारण परत आलेल्या मासळीचे फोन त्यालाच घ्यावे लागतात!

यूपीआयचं काम सुरू केलंय. ऑर्डर नंबर पैसे द्यायला पाठवण्याआधी सर्व्हरवर नोंदवायचा, परत आल्यावर फोनला न विचारता सर्व्हरकडून खात्री करायची, तोवर ‘पैसे मिळाले का ते बघतोय, पुन्हा भरू नका’ दाखवायचं आणि बटण बंद. यूपीआय लिंकमधला `tr` हा व्यवहाराचा संदर्भ नंबर त्या ऑर्डरीला तोच राहील, म्हणजे तरीही कुणी दुसऱ्यांदा भरलेच तर दोन्ही एकाच ऑर्डरीचे आहेत हे लगेच कळेल.

कुडचड्याचा_कोडर

‘बघतोय’ किती वेळ दाखवणार? बँकेकडून उत्तर अडकलं तर माणूस टोपली घेऊन बसून राहील आणि इसवण दुसरा घेऊन जाईल. तीही अडचणच, तिला किती गुण?

मृणाल_फोंडा

तेच ठरत नाहीये. डिझायनर म्हणते तीस सेकंदांनंतर ‘मासळी तुमच्या नावावर राखून ठेवलीय, कळवतो’ म्हणून सोडून द्यायचं. डेव्हलपर म्हणतो राखून ठेवली आणि पैसे आलेच नाहीत तर मासळी कोण खाणार.

बेतीकर

मासळी नाशवंत आहे, डिझायनरचा पर्याय साठा बघूनच द्यावा लागेल. भरपूर बांगडे असतील तेव्हा राखून ठेवायला हरकत नाही, एकच चणक उरला असेल तर आहे. पण टाचणीवर माझं समाधान झालेलं नाही. ती पहिल्या ऑर्डरीच्या आधी येते. तिथे अडकलेला माणूस ग्राहक होतच नाही, मग ‘ग्राहकांपैकी किती’ यात तो येणार कसा? पत्त्याची स्क्रीन उघडणारे किती आणि पत्ता जपून पुढे जाणारे किती, ते बघा.

मृणाल_फोंडा

बघितलं. जवळपास एक तृतीयांश तिथूनच परत जातात. पण डेव्हलपरचं म्हणणं, हे सगळे टाचणीमुळे नव्हेत, पुष्कळ जण नुसते दर बघायला येतात आणि पत्ता मागितला की निघून जातात. काकांसारखे.

डिचोलीकर_काका

मी पत्ता दिलेला आहे! टाचणी शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडलीय, पण दिलेला आहे. पोराला ठाऊक आहे कुठे यायचं ते.

बेतीकर

काकांनी आणखी एक प्रकार दाखवला: नोंदीत यश, जागेवर चूक. टाचणी आणि प्रत्यक्ष जिथे पिशवी दिली ती जागा यांतलं अंतर काढता आलं तर बघा, पोरांच्या फोनमध्ये ते असेल. आणि नुसते दर बघणारे वेगळे काढायचे तर टाचणी ऐच्छिक करा, वाडा आणि जवळची खूण लिहायची जागा द्या, काही दिवस निम्म्या नव्या लोकांना ही बदललेली स्क्रीन दाखवा. गळती तेवढीच राहिली तर डेव्हलपर खरे.

कुडचड्याचा_कोडर

ऑगस्टमध्ये करा, आत्ता नको. ट्रॉलर सुटल्यावर नवे लोक येतील, तेव्हाच निम्म्यांत काही कळण्याएवढी माणसं असतील.

मृणाल_फोंडा

ठीक. यूपीआय आणि कापणी १ ऑगस्टच्या आत, टाचणीची परीक्षा त्यानंतर. दरांची अक्षरं डिझायनर आजच गडद करतेय, ४.५ पट कॉन्ट्रास्ट धरून, तो अर्ध्या तासाचा खेळ आहे. माशाबद्दल मालकांशी बोलले. म्हणाले, ‘सरासरी १ म्हणजे कुणालातरी आवडला असेल ना?’ मित्राचा शून्य दाखवल्यावर तर खूशच झाले.

इवलीशी_ईशा

ताई, तुमचा तक्ता झाला की इथे फोटो टाकाल का? आणि मित्राने माशाला ० दिला तो ‘अडचण नाही’ म्हणून, की त्याच्या फोनवर मासा आलाच नाही म्हणून?

मृणाल_फोंडा

हे विचारलंच नव्हतं. विचारते.